परस्पर संमतीने घटस्फोट : पोटगी, मुलीचा ताबा आणि जुळे सोलापुरातला फ्लॅट, अर्जाचा मसुदा तपासून हवा आहे

मोगरा_जुळे

नमस्कार. आमचे लग्न २०१४ साली सोलापुरातच झाले. जून २०२४ पासून आम्ही वेगळे राहत आहोत. मी मुलीसह जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये आणि ते होटगी रोडला त्यांच्या आईवडिलांकडे. मुलगी आठ वर्षांची आहे. आमच्यात आता भांडण उरलेले नाही, एकमेकांवर खटलेही नाहीत, आणि दोघांच्या संमतीने कौटुंबिक न्यायालयात अर्ज करायचे ठरले आहे. त्यांचा पगार ५२,००० आणि माझा, खासगी शाळेतला, २४,००० रुपये आहे. फ्लॅट दोघांच्या नावावर असून कर्जही दोघांच्या नावावर आहे. त्याचे १४ लाख रुपये अजून बाकी आहेत.

कोर्टाजवळच्या एका टायपिंगवाल्याने जुन्या अर्जावरून मसुदा करून दिला. त्यातील मुख्य चार अटी जशाच्या तशा देत आहे :

"(१) मुलीचा खर्च पती यथाशक्ती करतील. (२) मुलगी आईकडे राहील व वडिलांना हवे तेव्हा भेटता येईल. (३) फ्लॅट पत्नीला राहील व कर्ज पत्नी फेडेल. (४) यापुढे पत्नी व मुलगी पतीकडे पोटगी अथवा मिळकतीबाबत कोणतीही मागणी करणार नाहीत."

आम्हा दोघांनाही हे वाचून बरे वाटले, कारण थोडक्यात सगळे आले आहे. परंतु सही करण्यापूर्वी जाणकारांनी पाहावे, अशी विनंती आहे. शिवाय सहा महिने थांबावेच लागते का, हेही कळावे.

होटगीकर

ताई, मसुदा ठीक वाटतो. घटस्फोटात पतीच्या मिळकतीत पत्नीचा निम्मा वाटा कायद्यानेच असतो, आणि फ्लॅट तर दोघांच्या नावावर आहे, त्यामुळे तिसऱ्या अटीत अडचण नसावी. कोर्टाचा हुकूमनामा हाती आला की फ्लॅट आपोआप तुमचा होईल. फार तर दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर हक्कसोडपत्र करून घ्या, म्हणजे सोसायटीही काही बोलणार नाही.

बार्शीकर_नाना

कोर्टाच्या भानगडीत पडण्यापेक्षा सोडचिठ्ठी करून मोकळे व्हावे. माझ्या पुतण्याने पाचशेच्या बाँडवर दोन्हीकडच्या चार माणसांच्या सह्या घेऊन नोटरी केली आणि एका दिवसात काम झाले. एवढ्या अटी कशाला लिहायच्या?

काळाकोट

नाना, आधी तुमच्या पुतण्याचे. नोटरी केलेल्या कागदाने हिंदू विवाह मोडत नाही. एखाद्या समाजात काडीमोडाची रूढी असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) ने ती राखली आहे. पण ती रूढी प्राचीन आणि अखंड आहे हे कोर्टात सिद्ध करावे लागते, आणि ते फार थोड्यांना जमते. पुतण्याने दुसरे लग्न केले असेल तर ते लग्न टिकेल की नाही, याची चौकशी त्याने आजच करावी. या धाग्याचा विषय तो नाही, म्हणून इथेच थांबतो.

मोगराताई, मी वीस वर्षे सोलापूर आणि पंढरपूर येथे दिवाणी व कौटुंबिक कामे चालवतो. मसुदा वाचला. तो वाईट माणसाने लिहिलेला नाही, पण तो तुम्ही दोघे आयुष्यभर चांगले वागाल या गृहीतकावर उभा आहे. संमतीच्या अटी वाचताना मी एकच कसोटी लावतो. उद्या यातली एक अट मोडली आणि तुम्ही हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल केली, तर तुम्हाला कधीही न पाहिलेल्या बेलिफाला हा कागद वाचून काय वसूल करायचे, कोणाकडून आणि कोणत्या तारखेचे, हे कोणालाही न विचारता कळेल का? तुमच्या चारपैकी एकही अट या कसोटीला उतरत नाही.

"यथाशक्ती" या शब्दाची वसुली करता येत नाही. त्याऐवजी असे लिहावे : "पती हे मुलीच्या पालनपोषणासाठी दरमहा १२,००० रुपये प्रत्येक महिन्याच्या सात तारखेपर्यंत आईच्या अमुक बँकेतील खात्यात जमा करतील, हुकूमनाम्यापासून दर दोन वर्षांनी ही रक्कम आधीच्या रकमेच्या दहा टक्क्यांनी वाढेल." आकडा तुमचा तुम्ही ठरवा; पगार पाहून मी उदाहरणादाखल घेतला आहे. वाढीची ओळ किती महत्त्वाची आहे ते हिशेबाने पाहा. मुलगी अठराची होईपर्यंत पाच वाढी होतील आणि १२,००० चे साधारण १९,३२६ होतील. ती ओळ नसेल तर दहा वर्षांनीही १२,००० च मिळतील आणि वाढीसाठी नवा अर्ज, नवे पुरावे, नव्या तारखा. शाळेची वार्षिक फी आणि मोठे दवाखान्याचे बिल मासिक रकमेत बसत नाही, म्हणून ते वेगळे लिहून त्यात कोणाचा किती वाटा आणि पावती दाखवल्यावर किती दिवसांत द्यायचा, हे ठरवावे. खर्च कधी थांबणार तेही लिहावे. अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून मुलीच्या बाबतीत बापाची जबाबदारी संपत नाही. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीला दत्तक व निर्वाह कायद्याने खर्च मागता येतो. "शिक्षण पूर्ण होऊन नोकरी लागेपर्यंत किंवा विवाह होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत" असे लिहिले तर पुढचा वाद टळतो.

चौथ्या अटीतून "व मुलगी" हे दोन शब्द आजच काढा. स्वतःचा हक्क सोडायचा की नाही हे तुम्ही ठरवू शकता, पण मुलीचा हक्क तिच्या वतीने सोडण्याचा अधिकार तुम्हाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने गणेश विरुद्ध सुधीरकुमार श्रीवास्तव या प्रकरणात अशाच संमतीच्या घटस्फोटात सांगितले की आईवडिलांच्या तडजोडीने मुलीच्या हक्काला बाध येत नाही. ही ओळ ठेवली तर ती निरुपयोगी तर होतेच, शिवाय न्यायाधीशांना अर्ज घाईत झाला आहे असे वाटून ते समुपदेशकाकडे परत पाठवण्याची शक्यता वाढते.

फ्लॅटबद्दल होटगीकरांनी लिहिलेले अर्धेच खरे आहे. ते सविस्तर संध्याकाळी लिहितो, कारण आता तारखेला जायचे आहे.

सातरस्ता

मी बाप म्हणून लिहितो. आमच्या अटींत नेमके हेच शब्द होते : "वडिलांना हवे तेव्हा भेटता येईल." त्या वेळी मला ते फार उदार वाटले होते. नंतर माझी बदली पुण्याला झाली. मी शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसने येत असे आणि रविवारी सकाळी दारात उभा राहत असे. कधी मुलगा क्लासला गेलेला, कधी मामाच्या गावाला, कधी नुसताच झोपलेला. भांडायला जागाच नव्हती, कारण "हवे तेव्हा" म्हणजे मला हवे तेव्हा की त्यांना, हे कागदावर नव्हते. सात महिन्यांत मी मुलाला चार वेळा भेटलो.

शेवटी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली अर्ज करून अटी बदलून घेतल्या. आता दुसरा आणि चौथा रविवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. दिवाळीच्या सुट्टीचा पहिला अर्धा भाग सम वर्षी माझ्याकडे, विषम वर्षी तिच्याकडे. मे महिन्यात सलग पंधरा दिवस. आणि बुधवारी रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल. सोलापूरकर म्हणून एक ओळ मी हट्टाने घालून घेतली : जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेतला एक दिवस माझा. न्यायाधीशांनी ती वाचून किंचित हसून मान्य केली.

माझे एवढेच सांगणे की मुलीच्या वडिलांचेही हित स्पष्ट लिहिण्यात आहे. मोगराताईंच्या यजमानांना हे जरूर वाचायला द्या.

मोगरा_जुळे

सातरस्ता, तुमचे लिखाण त्यांना पाठवले. ते म्हणाले, "यात्रेचा दिवस आपल्याही कागदात घाल." भेटीसाठी मुलीला कोठे सोडायचे, यावर मात्र आमचे जमत नाही. त्यांना दारातून न्यायची आहे. मला वाटते की माझ्या आईच्या घरी सोडावे, म्हणजे आम्हाला प्रत्येक वेळी समोरासमोर यावे लागणार नाही.

सातरस्ता

आमचे आजीच्या घरी ठरले होते आणि आजी आजारी पडली तेव्हा सगळे कोलमडले. तिसऱ्या माणसाच्या तब्येतीवर अट टांगू नये, असे मला वाटते. शाळेचे किंवा सोसायटीचे फाटक बरे.

काळाकोट

मी आजीच्या घराच्या बाजूने आहे, पण "आणि ते शक्य नसल्यास सोसायटीच्या मुख्य फाटकाशी" असे जोडून. आठ वर्षांच्या मुलीला वॉचमनसमोर हवाली करण्यापेक्षा आजीचे अंगण केव्हाही चांगले. सातरस्त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा ताजा आहे, हे मान्य. दोघांनी बसून ठरवा.

ताब्याबद्दल दोन ओळी आणखी. ताबा आईकडे असला तरी वडील नैसर्गिक पालक राहतातच. म्हणून पासपोर्टवरची सही, शाळा बदलणे आणि सोलापूर सोडून दुसऱ्या शहरात राहायला जाणे, या तीन गोष्टींत दोघांची लेखी संमती लागेल की आधी कळवणे पुरेसे, ते लिहा. दुसरे म्हणजे "या अटी कायमस्वरूपी असून त्यात बदल मागता येणार नाही" असे टायपिंगवाले हमखास घालतात. मुलाच्या ताब्याचा हुकूम कधीच कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की कोर्ट तो बदलते. ती ओळ घालू नका.

आता फ्लॅट. घटस्फोट झाला म्हणून पतीच्या मिळकतीचा निम्मा वाटा पत्नीला मिळतो, असा कायदा आपल्याकडे नाही. स्त्रीधन पत्नीचे असते, आणि जी मिळकत ज्याच्या नावावर आहे ती त्याची असते. तुमच्या फ्लॅटमध्ये निम्मा हिस्सा तुमचा आहे तो कागदावर नाव आहे म्हणून. उरलेला निम्मा तुमच्या यजमानांचा आहे आणि तो तुमच्याकडे येण्यासाठी दस्त लागतो. "फ्लॅट पत्नीला राहील" या वाक्याने हिस्सा हस्तांतरित होत नाही. कोणता हिस्सा, कोणत्या दस्ताने, कोणत्या तारखेपर्यंत, खर्च कोणाचा, आणि त्यांनी सही केली नाही तर काय, एवढे लिहिले पाहिजे. मिळकतीचे वर्णनही पूर्ण हवे : सर्वे किंवा सिटी सर्वे क्रमांक, इमारत, सदनिका क्रमांक, क्षेत्रफळ, चतुःसीमा. खरेदीखतात जसे आहे तसेच उतरवा, मनाने लिहू नका.

हक्कसोडपत्र नाममात्र मुद्रांकावर होते हे वडिलोपार्जित मिळकतीपुरते खरे आहे. तुम्ही दोघांनी विकत घेतलेला फ्लॅट वडिलोपार्जित नाही, त्यामुळे हक्कसोडपत्र केले तर खरेदीखतासारखे, हिश्श्याच्या बाजारमूल्यावर टक्क्यांत मोजलेले मुद्रांक शुल्क पडेल. दोनशे रुपयांची सवलत आहे ती राहत्या घराचे पती-पत्नीत बक्षीसपत्र केले तर. त्यावर महापालिका हद्दीतला अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा.

होटगीकर

माझी चूक झाली. आमच्या आजोबांच्या वाड्याचे हक्कसोडपत्र दोनशे रुपयांत झाले होते, त्यावरून मी लिहिले.

हप्तेबंद

मी गृहकर्जाच्या विभागात काम करतो, म्हणून तिसऱ्या अटीच्या दुसऱ्या अर्ध्या भागाविषयी लिहितो, कारण लोक इथेच सर्वांत जास्त फसतात. "कर्ज पत्नी फेडेल" हा तुमच्या दोघांतला करार आहे. बँक त्यात नाही. हुकूमनाम्यात काहीही लिहिले असले तरी कर्ज दोघांच्या नावावर असेपर्यंत बँक दोघांनाही जबाबदार धरते. तुमचे दोन हप्ते थकले तर नोटीस तुमच्या यजमानांनाही जाईल, आणि सिबिल त्यांचेही बिघडेल. शिवाय फ्लॅट बँकेकडे गहाण आहे, त्यामुळे बँकेच्या लेखी संमतीशिवाय बक्षीसपत्रही करता येणार नाही.

त्यांचे नाव कर्जातून काढायचे तर बँक तुमच्या एकटीच्या पगारावर कर्ज नव्याने तपासते. १४ लाख, साडेआठ टक्के, पंधरा वर्षे धरले तर हप्ता साधारण १३,७८० रुपये येतो. २४,००० पगारात हा हप्ता निम्म्याच्या वर जातो आणि अर्ज बहुधा फेटाळला जातो. मुलीच्या खर्चाचे पैसे तुमचे उत्पन्न म्हणून धरायला बँका सहसा तयार नसतात. तुम्हाला एकरकमी काही रक्कम मिळणार आहे का? असेल तर ती तुमच्या खात्यात न घेता थेट कर्जखात्यात भरली जावी, असे अटीतच लिहा. समजा पाच लाख भरले, तर ९ लाखांवर हप्ता सुमारे ८,८६० होतो आणि तेवढा तुमच्या पगारात बसतो.

मोगरा_जुळे

हे कोणीच सांगितले नव्हते. त्यांची पाच लाखांची मुदत ठेव आहे आणि माझ्या स्वतःच्या पोटगीच्या ऐवजी ती देण्याचे आमचे बोलणे झाले होते, पण मसुद्यात त्याचा उल्लेखच नाही. बँकेकडे आधी जावे की अर्ज आधी करावा?

हप्तेबंद

आधी बँकेकडे जा आणि पाच लाख भरल्यास एकटीच्या नावावर कर्ज ठेवायला ते तयार आहेत, असे लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर न्यायालयात अटी लिहू नका. शाखेतला अधिकारी बदलला की आश्वासनही बदलते.

दस्तलेखक

मी दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त लिहितो. एक गोष्ट काळाकोट साहेबांनी सांगायची ठेवली आहे. ती दोनशे रुपयांची सवलत पती-पत्नीला आहे. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की ताई त्यांच्या पत्नी राहत नाहीत. म्हणजे बक्षीसपत्र हुकूमनाम्याच्या आधीच नोंदवले पाहिजे, नाहीतर सवलत गेली. आणि दस्तात "घटस्फोटाला संमती दिली म्हणून हा हिस्सा देत आहे" असे लिहिले तर ते बक्षीस राहत नाही, कारण बक्षीस विनामोबदला असते. मग शुल्काची मागणी निघते. असे दोन दस्त मी अडकलेले पाहिले आहेत.

काळाकोट

मुद्दा बरोबर आहे आणि अडचण तिथेच आहे. नोंदणीकृत बक्षीसपत्र सहजासहजी परत फिरवता येत नाही. यजमानांनी आधी हिस्सा देऊन टाकला आणि नंतर ताईंनी संमती काढून घेतली, तर त्यांच्या हाती काय राहिले? १९९१ च्या सुरेष्टा देवी प्रकरणापासून हे पक्के आहे की संमती हुकूमनामा होईपर्यंत टिकावी लागते आणि मधल्या काळात कोणीही ती मागे घेऊ शकतो. ताई तसे करणार नाहीत असे मला वाटते, पण मी त्यांच्या यजमानांचा वकील असतो तर त्यांना तसे सांगितले असते. माझ्या पद्धतीत दोघांचा जबाब झाल्यावर आणि हुकूमनाम्याच्या अगदी एकदोन दिवस आधी बक्षीसपत्र नोंदवतात, दोघेही तशी पुरशिस म्हणजे लेखी निवेदन कोर्टात देतात, आणि पाच लाखांचा डिमांड ड्राफ्ट त्याच दिवशी कोर्टासमोर कर्जखात्याच्या नावाने दिला जातो.

दस्तलेखक

साहेब, कागदावर हे छान आहे. पण हुकूमनामा कोणत्या दिवशी होणार हे दोन दिवस आधी कोणाला कळते? आणि फ्लॅट अर्जाचाच विषय केला तर हुकूमनाम्याला नोंदणी लागत नाही, असे म्हणणारे वकीलही आमच्याकडे येतात.

काळाकोट

येतात, आणि नोंदणी कायद्याच्या कलम १७(२)(सहा) वरून त्यांच्या म्हणण्याला आधारही आहे. पण नोंदणी लागत नाही आणि मुद्रांक लागत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय सोसायटी आणि बँक नोंदवलेला दस्तच मागतात. माझे मत मी सांगितले. दुसरे मत असलेला वकील चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही.

सहा महिन्यांचा प्रश्न राहिला. कलम १३-ब प्रमाणे अर्जापूर्वी एक वर्ष वेगळे राहणे आणि अर्जानंतर सहा महिने थांबणे, असे दोन टप्पे आहेत. २०१७ च्या अमरदीप सिंग प्रकरणानंतर हे सहा महिने कोर्ट माफ करू शकते. त्यासाठी सर्वसाधारणपणे दीड वर्ष वेगळे राहिलेले असावे, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत, आणि पोटगी, ताबा व मिळकत यांचा खराखुरा निकाल लागलेला असावा. तुमचे दीड वर्ष झाले आहे. पण तिसरी गोष्ट तुमच्या जुन्या मसुद्यात नव्हती. "यथाशक्ती" आणि "हवे तेव्हा" वाचून कोणताही न्यायाधीश म्हणाला असता की यांचे अजून ठरलेले नाही. माफीचा अर्ज पहिल्या सुनावणीनंतर एका आठवड्याने देता येतो, आणि माफी देणे न देणे कोर्टाच्या मर्जीवर आहे.

एक बारीक गोष्ट. वेगळे राहू लागल्याची तारीख अर्जात, प्रतिज्ञापत्रात आणि जबाबात एकच असू द्या. "जून २०२४ पासून" एवढे मोघम नको, दिवस लिहा. आणि अर्जात त्यांच्या स्वभावाबद्दल एक अक्षरही नको. संमतीच्या अर्जात "मतभेदांमुळे एकत्र राहणे शक्य झाले नाही" एवढे पुरते. टायपिंगवाले जुन्या वादाच्या अर्जातला एखादा परिच्छेद तसाच ठेवतात आणि मग समोरचा सही करायला तयार होत नाही.

मोगरा_जुळे

तुम्ही हे लिहिले म्हणून पुन्हा पाहिले, तर दुसऱ्या पानावर खरोखरच "जाबदार हा तापट स्वभावाचा असून" अशी ओळ आहे. आम्हा दोघांच्याही ती नजरेतून सुटली होती. ते वाचून बराच वेळ हसत होते आणि मग म्हणाले की ते एवढे खोटेही नाही. ओळ काढली आहे.

बँकेत आज दोघेही जाऊन आलो. पाच लाख भरल्यावर माझ्या एकटीच्या नावावर कर्ज ठेवण्याचा अर्ज त्यांनी घेतला आहे, लेखी उत्तराला दोन आठवडे लागतील. सुधारलेली तिसरी अट अशी लिहिली आहे :

"पती हे पत्नीच्या कायम पोटगीपोटी ५,००,००० रुपयांचा डिमांड ड्राफ्ट परिशिष्ट अ मधील गृहकर्ज खात्याच्या नावे न्यायालयासमोर देतील. सदर सदनिकेतील पतीचा अर्धा अविभक्त हिस्सा बँकेची लेखी संमती घेऊन नोंदणीकृत बक्षीसपत्राने दिनांक ______ पर्यंत पत्नीच्या नावे केला जाईल व त्याचा खर्च उभयता निम्मा निम्मा करतील. बँकेने पतीचे नाव कर्जातून कमी करेपर्यंत हप्ते पत्नी भरेल. तिने हप्ता न भरल्यास व पतीला तो भरावा लागल्यास ती रक्कम पती तिच्याकडून वसूल करू शकतील."

काळाकोट

मोठी सुधारणा आहे. मात्र दोन ठिकाणी हात लावा. "कायम पोटगीपोटी" ही रक्कम आणि बक्षीसपत्र एकाच अटीत शेजारी ठेवू नका; दस्तलेखकांनी सांगितलेल्या मोबदल्याच्या शंकेला तिथेच वाव मिळतो. दोन वेगळ्या अटी करा. आणि "वसूल करू शकतील" याच्यापुढे "दरखास्तीद्वारे" घाला, शिवाय ती रक्कम मुलीच्या मासिक खर्चातून वळती करता येणार नाही असे स्पष्ट लिहा. नाहीतर तुमचा एक हप्ता चुकला की मुलीची फी थांबेल.

मोगरा_जुळे

दोन्ही बदल केले. बक्षीसपत्राच्या तारखेची जागा अजून कोरीच आहे. त्यावर त्यांचा आणि माझा वकील सोमवारी एकत्र बसणार आहेत. मुलीला आजीच्या घरी सोडायचे, आणि आजीला बरे नसेल तर फाटकाशी, यावर आमचे एकमत झाले.